किमसाहेबांच्या खोलीतली चिठ्ठी

रांजणगाव, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कोरियन पाहुणा आता नवलाचा राहिलेला नाही. एलजीचा कारखाना रांजणगावात कधीचाच आहे, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने 2023 मध्ये केला. एवढा मोठा कारखाना आला की त्याच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे येतात, आणि पुरवठादार म्हटला की त्याच्याकडे माल पाहायला, दर ठरवायला माणसं येणारच. असा एखादा खरेदीप्रमुख रात्री उशिरा पुण्याच्या हॉटेलात पोहोचतो. खोलीत फळांची टोपली असते आणि तिला टेकवून ठेवलेली कोरियन लिपीतली एक चिठ्ठी. यजमान कंपनीत त्या चिठ्ठीवर चर्चा झालेली असते ती बहुधा एवढीच, की ‘सुस्वागतम्’ला कोरियनमध्ये काय म्हणतात. माझ्या मते त्या चिठ्ठीत स्वागताच्या शब्दाला फारसं कामच नसतं. ‘ह्वान्यंगहाम्निदा’ हा तो शब्द अगदी बरोबर आहे, पण त्याची जागा फलकावर आहे. कोरियन कंपन्यांच्या दर्शनी दालनात आलेल्या पाहुण्यांची नावं पडद्यावर झळकतात, त्यांच्याखाली तो शोभतो. निजायच्या खोलीत तोच शब्द एकटा उभा केला, तर कमान उचलून पलंगाशी आणून ठेवल्यासारखं होतं. चिठ्ठीचा खरा पाहुणचार वरच्या संबोधनात, क्रियापदाच्या शेपटात आणि खालच्या सहीत असतो. या तीन जागी यजमानाला एक निर्णय घ्यावाच लागतो: हा माणूस आपला कोण?

मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. आपल्या पत्रांना मायना होता. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘राजमान्य राजश्री’ यांपैकी काय लिहायचं हे ठरल्याशिवाय पत्राची दुसरी ओळ सुरूच होत नसे. कोरियन चिठ्ठीचा मायना म्हणजे आडनाव, हुद्दा आणि त्याला जोडलेला आदराचा ‘निम’. किम आडनावाचा विभागप्रमुख असेल तर ‘किम बुजांगनिम’. ‘बुजांग’ म्हणजे विभागप्रमुख. त्याच्या खाली ‘छाजांग’, त्याखाली ‘ग्वाजांग’. लेखी मजकुरात शेवटी ‘क्के’ हा आदरार्थी चतुर्थीचा प्रत्यय लागतो, म्हणजे ‘किम बुजांगनिमक्के’. इंग्रजी वळणाने ‘मिस्टर’ला पर्याय म्हणून नावापुढे ‘शी’ लावलं जातं, आणि पहिली ठेच लागते ती इथे. ‘शी’ हा बरोबरीच्या किंवा हाताखालच्या माणसासाठी चालतो. नुसत्या आडनावाला जोडला तर तो चक्क तुटक वाटतो. एका पुरवठादाराने आपल्या ग्राहकाच्या विभागप्रमुखाला ‘किम शी’ लिहावं, हे बैठकीत ‘अहो किम’ म्हणण्याइतकंच खटकतं. दुसरी ठेच नावाच्या अक्षरांची. पाहुण्याचं नाव आपल्याकडे ईमेलमधून येतं ते रोमन लिपीत, आणि रोमनवरून कोरियन अक्षरं नेमकी परत मिळत नाहीत. ‘जुन’सारखं रोमन लेखन आडनाव म्हणून आलं तर कोरियनमध्ये ते बहुधा ‘जॉन’ असतं, आणि दिलेल्या नावात आलं तर ‘जुन’च. स्वर वेगळा, अक्षर वेगळं. शिवाय काही जण आडनाव आधी लिहितात, काही इंग्रजी रीतीने शेवटी, त्यामुळे दिलेल्या नावालाच आडनाव समजून त्याच्यापुढे हुद्दा लावण्याचा प्रकार होतो. यावर उपाय अगदी साधा आहे. व्हिजिटिंग कार्डाची कोरियन बाजू किंवा ईमेलखालची कोरियन सही मिळवायची आणि अक्षरं तिथूनच घ्यायची. किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच कोरियातले निम्म्याच्या जवळपास लोक सामावतात. म्हणून चार-पाच जणांचं पथक येणार असेल तर पूर्ण नाव लिहिलेलं बरं, नाहीतर एका किमसाहेबांची चिठ्ठी दुसऱ्या किमसाहेबांच्या खोलीत जायची.

मजकुराकडे वळलं की शब्दकोश घात करतो. ‘तुम्ही’साठी त्यात ‘तांगशिन’ सापडतो. तो शब्द गाण्यांत चालतो, जाहिरातींत चालतो, नवराबायकोंत चालतो. समोरासमोर परक्या माणसाला वापरला तर भांडणाची सुरुवात वाटते. कोरियन माणूस वडीलधाऱ्याला किंवा वरिष्ठाला सर्वनामाने हाक मारत नाही. हुद्दाच पुन्हा वापरतो, नाहीतर कर्ता गाळूनच टाकतो आणि आदराचं सगळं ओझं क्रियापदावर सोपवतो. मराठीत आपण ‘आलास’चं ‘आलात’ करतो, बहुवचनाने मान देतो. कोरियन क्रियापदात ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्या मानासाठी मध्ये ‘शि’ शिरतो, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्यासाठी शेवटचा प्रत्यय बदलतो. एकाच शब्दात दोन स्वतंत्र हिशेब असतात. चिठ्ठीत ते दोन्ही एकाच माणसावर येतात, म्हणून दोन्ही सांभाळावे लागतात. अशा प्रसंगी कोरियन यजमान पहिलं वाक्य साधारण असं लिहील: ‘मॉन गिल ओशिनुरा कोसेंग मानुश्यॉस्सुम्निदा.’ लांबचा प्रवास करून येताना आपल्याला फार त्रास झाला, असा त्याचा भाव. यात स्वागत हा शब्दच नाही. वाटेचा शीण आहे, आणि तो लिहिणाऱ्याने ओळखला आहे. त्यानंतर ‘प्यॉन्ही श्वीशिप्शिओ’, म्हणजे निवांत विश्रांती घ्यावी. झालं, एवढं पुरतं. कोरियन हॉटेलांत ‘आरामदायी रात्र व्हा’ अशा घडणीचं वाक्यही सर्रास दिसतं. त्यावर कोरियन भाषेचे जाणकार नाक मुरडतात, कारण व्याकरणाने पाहिलं तर त्यात पाहुण्यालाच रात्र व्हायला सांगितलेलं असतं. आपण परक्यांनी त्या वादात पडू नये.

खालची सही तितकीच बोलकी असते. नावानंतर ‘दुरिम’, म्हणजे ‘सादर’, हे आदराचं आणि सुरक्षित. ‘ओल्लिम’ त्याहून खाली वाकणारं, घरच्या मोठ्यांना किंवा फार वरच्या माणसाला लिहायचं. व्यवसायातल्या भागीदाराला ते जरा जास्तच होतं. मुख्य नियम हुद्द्याच्या जागेचा. दुसऱ्याचा हुद्दा नावानंतर येतो आणि त्याने मान मिळतो. स्वतःचा हुद्दा मात्र नावाआधी लिहायचा. तो नावानंतर लिहिला की माणूस स्वतःच स्वतःला ‘साहेब’ म्हणवून घेतोय असं वाचलं जातं. आपणही सही करताना स्वतःच्या नावामागे ‘श्री’ लावत नाही, त्यामुळे हा संकोच आपल्याला ओळखीचा वाटायला हरकत नाही. स्वतःच्या कंपनीला ‘उरी’ म्हणजे ‘आपली’ न म्हणता ‘जॉही’ म्हणजे नम्र ‘आमची’ म्हणायचं, हेही त्याच वळणाचं.

यावर आक्षेप असा येईल की इतकी चिकित्सा कशाला? परदेशी माणसाच्या तोडक्यामोडक्या कोरियनचं कोरियन लोकांना कौतुकच वाटतं, चुका ते हसून सोडून देतात. हे खरं आहे, आणि तोंडी बोलण्याबाबत मी ते पूर्ण मान्य करतो. ड्रायव्हरने विमानतळावर एकेरी क्रियापदात ‘ये’ म्हटलं तरी कुणी मनावर घेणार नाही. पण छापलेली चिठ्ठी ही सवलत गमावून बसते. तिच्यावर कंपनीचं बोधचिन्ह असतं, ती आधीपासून ठरवून, कुणालातरी दाखवून लिहिली असणार असं वाचणारा धरून चालतो. शिवाय सगळ्या चुका एका जातीच्या नसतात. मात्रा चुकली तर ती अज्ञानात जमा होते. हुद्दा चुकला किंवा गळाला तर ‘आपण कोण आहोत हे यांनी पाहिलंच नाही’ अशी नोंद होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर दरपत्रक ठेवायचं असतं. तो रागावेल असं नाही. चिठ्ठीने जे कमवायचं ते कमावलेलं नसतं, इतकंच.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ही सारी उतरंड कोरियातच मोडते आहे. काही मोठ्या कंपन्यांनी हुद्द्यांनी हाक मारणं बंद करून सरसकट नावापुढे ‘निम’ लावायची पद्धत आणली, काहींनी तर कार्यालयात इंग्रजी नावं घेतली. मग आपण जुन्या पायऱ्या का चढायच्या? उत्तर त्या आक्षेपातच दडलं आहे. हुद्दे गेले तरी ‘निम’ राहिला. कोणत्या कंपनीत काय चालतं हे कळायचं असेल तर पाहुण्याच्या सहकाऱ्यांनी त्याला ईमेलमध्ये कसं संबोधलं आहे ते पाहावं. तिथे ‘बुजांगनिम’ असेल तर तसं, नुसतं नाव आणि ‘निम’ असेल तर तसं. ही उतरंडीची भक्ती नव्हे. तो माणूस ज्या घरातून आला त्या घरात त्याला कशी हाक मारतात याची ही चौकशी आहे. चुकून जुन्या पायरीवर राहिलात तर तो हसेल. नसलेल्या सलगीवर उतरलात तर मात्र गप्प बसेल.

शब्द बरोबर असूनही चिठ्ठी बिघडू शकते, आणि आपल्याकडे ती शक्यता जास्त, कारण आपलं मंगल तिथे अमंगल ठरतं. आपल्या लग्नपत्रिका लाल शाईत छापतात, कोपऱ्यात हळदकुंकू लावतात. त्याच उत्साहात पाहुण्याचं नाव लाल अक्षरांत लिहिलं जातं. कोरियात जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहिणं टाळतात, त्याचा संबंध मृत्यूशी जोडतात. टोपलीशेजारी फुलं ठेवताना पांढरी शेवंतीही नको, ते तिथे अंत्यदर्शनाचं फूल आहे. तरुण पाहुणे यातलं काही मानतीलच असं नाही, पण निळी शाई आणि झेंडू यांना कोण आक्षेप घेणार? हस्ताक्षराबद्दलही एक सूचना. कोरियन लिपी सुबक, मोजक्या खुणांची आहे. 1446 मध्ये राजा सेजोंगने ती जाहीर केली ती सामान्यांना सहज शिकता यावी म्हणूनच. त्यामुळे पडद्यावर पाहून गिरवण्याचा मोह होतो. पण छापील टंकात गोल अक्षराच्या डोक्यावर जी बारीक टोचणी असते ती हाताने लिहिताना काढत नाहीत. न शिकलेला माणूस ती इमानाने काढतो आणि तिथेच नक्कल उघडी पडते. त्यापेक्षा कोरियन मजकूर छापावा, एकदा कोरियन येणाऱ्याकडून तपासून घ्यावा आणि खाली यजमानाने स्वतःच्या हाताने मराठीत सही करावी. उसन्या अक्षरांपेक्षा ती सही खरी.

याच कारणाने कोरियन मजकूर तीन ओळींवर नेऊ नये. पानभर अस्खलित कोरियन वाचून पाहुणा खाली फोन लावतो आणि कोरियनमध्ये बोलू लागतो, तेव्हा स्वागतकक्षातल्या मुलाची जी तारांबळ उडते ती त्या पानानेच ओढवून घेतलेली असते. कामाची माहिती सोप्या इंग्रजीत वेगळी असावी: नळाचं पाणी पिऊ नये, बाटल्या कुठे आहेत, वायफायचा पासवर्ड, नाश्ता किती वाजेपर्यंत, गाडी किती वाजता. वेळ लिहिताना एक हिशेब लक्षात ठेवावा. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. सकाळी साडेआठची गाडी पाहुण्याला मुळीच लवकर वाटत नाही, त्याच्या शरीरात तेव्हा बारा वाजलेले असतात. त्याला जड जातं ते रात्रीचं. आपल्या अकराला त्याचे अडीच झालेले असतात, आणि नेमकं तेव्हाच ‘सगळं ठीक आहे ना?’ म्हणून यजमानाचा फोन येतो. म्हणून इंग्रजी भागाची पहिली ओळ अशी लिहावी की आज रात्री कुणीही फोन करणार नाही. काही लागलंच तर कोणाला विचारायचं त्याचं नाव आणि मोबाइल नंबर तिच्याखाली ठळक अक्षरांत द्यावा, आणि तो उचलणारा माणूस त्या रात्री खरोखर जागा असेल याची व्यवस्था करावी.