लेहला निघालेल्या मैत्रिणीस

अगं, परवा तू निघणार आणि तुझी बॅग भरली एकोणीस किलो! तिकिटावर पंधराच किलो लिहिलंय. 'उरलेलं पर्समध्ये घालीन' म्हणतेस, पण तुझी पर्स म्हणजे आधीच सराफ्यातलं दुकान आहे.

भाऊजी असताना सामान तेच उचलायचे. ते गेल्यापासून तू ओंकारेश्वरच्या पुढे गेली नाहीस आणि आता एकदम लेह, तेही एकटी! मला फार बरं वाटलं. म्हणूनच हे सांगते. वजनाचा प्रश्न विमान कंपनीचा नाही, तो तुझ्या श्वासाचा आहे. लेह साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. विमान तुला दिल्लीहून तासा-सव्वातासात तिथे उतरवतं, शरीराला मात्र सवय व्हायला दोन दिवस लागतात. तेव्हा आज भरलेली बॅग घेऊन तुमच्या जिन्याने एकदा वर-खाली कर. न थांबता जमलं तर ठीक, नाहीतर उपस.

काय काढायचं? दोन रेशमी साड्या काढ. तिथे कोणाचं लग्न नाहीये. तीन जाड स्वेटरही काढ. सप्टेंबरात दुपारचं ऊन चांगलं चटकतं आणि रात्री हुडहुडी भरते, म्हणून एकावर एक चढवता-उतरवता येतील असे पातळ थर हवेत. आतून थर्मल, त्यावर एक स्वेटर आणि वरून वारा अडवणारं जॅकेट. एवढं पुरतं. टोपी, गॉगल, ओठांना व्हॅसलिन घे. गरम पाण्याची पिशवी राहू दे, तिच्यावरून मी हसले असले तरी ती कामाची आहे.

शेव ने, इंदूरचं माणूस शेवेशिवाय जगणार कसं! पण पाकिटातून नको, डब्यात घाल. हवाबंद पाकीट वर फुगून उशीसारखं होतं. मी गेले होते तेव्हा माझं टरारून फुगलं होतं, आणि क्रीमच्या ट्यूबचं झाकण उघडताच अर्धी क्रीम हातावर आली होती.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेव. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही. डायमॉक्सबद्दल तुझ्या डॉक्टरांना विचार आणि तुला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे हे त्यांना आठवणीने सांग. झोपेची गोळी मात्र तिथल्या पहिल्या रात्री स्वतःच्या मनाने घेऊ नकोस.

आता एकटीने जाण्यातली खरी अडचण सांगते. उतरल्यावर डोकं थोडं दुखणं, भूक मंदावणं, झोप न लागणं हे पुष्कळांना होतं. पडून राहावं, पाणी प्यावं, दोन दिवस मठ आणि बाजार विसरावेत, म्हणजे बहुधा निवळतं. पण डोकेदुखी वाढत गेली, ओकाऱ्या थांबेनात, बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच दवाखाना गाठायचा आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरायचं. गंमत अशी, की त्रास वाढला की आधी आपलंच डोकं नीट चालेनासं होतं. 'मला काही झालेलं नाही' असं आपण ठामपणे सांगतो. सोबतीचं माणूस ते ओळखतं. तुझ्यासोबत कोणी नाही, म्हणून ते काम मी इथून करणार.

रोज सकाळी आठ आणि रात्री आठला फोन. प्रश्न तेच: डोकं कसं आहे, काय खाल्लंस, झोप लागली का, खोलीत सरळ रेषेत पावलाला पाऊल जोडून चालता येतंय का. शिवाय एकोणतीसचा पाढा म्हणायचा. चाळीस वर्षं पोरांकडून म्हणवून घेतलास, आता तुझी पाळी! पाढा अडखळला तर मी तुझ्या गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंना फोन करीन. त्यांचा नंबर आजच दे आणि पोहोचल्यावर त्यांनाही सांग, की आपण एकट्या आहोत, सकाळी चहाला दिसलो नाही तर दार वाजवा. तुझं प्रीपेड सिम तिथे चालणार नाही. उद्याच्या उद्या पोस्टपेड करून घे, नाहीतर हा सगळा बेत फुकट.

नुब्राची सहल तिसऱ्या दिवसाच्या पुढेच ठेव. वाटेत खारदुंग ला साडेसतरा हजार फुटांच्या वर आहे. तिथे फोटो काढ, पण रेंगाळू नकोस. आणि ड्रायव्हर म्हणाला 'मॅडम, पहिल्याच दिवशी जाऊया', तर वर्गात बघायचीस तसं एकदा त्याच्याकडे बघ.

येताना जर्दाळू आण. अर्धाच किलो हं, बॅग तुलाच उचलायची आहे.