सांत्वनाचे पत्र आणि एक नेमकी आठवण

घरातील कोणी गेले, की हल्ली माणूस दारात येण्यापूर्वी त्याचा संदेश फोनवर येऊन पोहोचतो. माझे यजमान गेल्या श्रावणात गेले. त्यानंतरच्या दिवसांत आलेले संदेश मी तेरावा उरकल्यावर, घर रिकामे झाल्यावर, एकेक करून वाचले. आपल्यापैकी अनेकांनी हे केले असेल. वाचताना काही ओळींपाशी डोळे भरून येतात, तर काही लांबलचक, सुबक संदेश वाचून मन कोरडेच राहते. असे का होते, याचा विचार मी पुष्कळ केला. तो आपल्यापुढे ठेवते.

यजमानांना सात वर्षे कंपवात होता. ज्यांनी या आजाराच्या माणसाची शुश्रूषा केली आहे त्यांना ठाऊक असेल, की हातापायांच्या कंपाइतकाच या आजारात चेहराही बदलतो. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात आणि चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो. मनात आनंद असला तरी तो ओठांपर्यंत पोहोचत नाही. अखेरची तीन वर्षे त्यांना हसू येते आहे हे मी त्यांच्या डोळ्यांवरून आणि श्वासाच्या लयीवरून ओळखत असे. नवख्या माणसाला ते रागावलेले वाटत.

आणि एका नातलगांचा संदेश असा होता: ‘आपल्या यजमानांच्या निधनाची वार्ता ऐकून मन सुन्न झाले. त्यांचा सदैव हसतमुख चेहरा, प्रेमळ स्वभाव आणि सकारात्मक दृष्टिकोन आम्हा सर्वांच्या स्मरणात कायम राहील. त्यांनी अनेकांच्या जीवनाला स्पर्श केला. या कठीण काळात माझे विचार व प्रार्थना आपल्यासोबत आहेत.’

‘सदैव हसतमुख’ या शब्दांपाशी मी थांबले. हे गृहस्थ गेल्या दोन वर्षांत दोनदा आमच्याकडे येऊन यजमानांसमोर अर्धा-अर्धा तास बसून गेले होते. मग त्यांनी पाहिले तरी काय? पुढे भेट झाली तेव्हा त्यांनीच सहजपणे सांगितले, की काय लिहावे ते सुचेना, म्हणून फोनमधील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तो संदेश लिहून घेतला होता.

हे यंत्र लिहिते कसे, हे थोडक्यात समजून घेतले तर कोडे उलगडते. अशा यंत्राला माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यातून ते एवढे शिकते, की अमुक शब्दांनंतर बहुधा कोणते शब्द येतात. आपण त्याला ‘काका वारले, काकूंना सांत्वनाचा संदेश लिही’ असे सांगितले, तर त्याच्या हाती दोनच गोष्टी असतात: एक मृत्यू आणि एक नाते. काका कोण होते, कशाने आजारी होते, त्यांच्या घरातील खुर्ची कोणत्या खिडकीशी होती, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. तरीही संदेश तर पूर्ण करायचा असतो. मग सांत्वनाच्या हजारो पत्रांत जे सर्वांत अधिक वेळा येते ते लिहिले जाते. गेलेला माणूस बहुतेक पत्रांत हसतमुख असतो, म्हणून माझे यजमानही हसतमुख ठरले.

त्या संदेशाची भाषाही पुन्हा पाहा. ‘जीवनाला स्पर्श केला’, ‘माझे विचार आपल्यासोबत आहेत’ ही वाक्ये मराठी शब्दांची असली, तरी आपल्या आळीत, आपल्या ओसरीवर कोणी असे बोलत नाही. आपल्याकडे माणूस येऊन म्हणतो, ‘ऐकले आणि राहवले नाही’, ‘रात्री सोबतीला कोणी आहे ना?’ कान या बोलीला सरावलेले असतात. तो सूर नसला, की कारण सांगता आले नाही तरी परकेपणा जाणवतो.

येथे आपण म्हणाल, ठरावीक वाक्ये पूर्वी नव्हती का? होती. शुभेच्छांच्या तारांसाठी तर क्रमांक घातलेली वाक्येच असत. क्रमांक सांगितला की ते वाक्य पोहोचत असे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हेही ठरावीकच आहे आणि मला आलेल्या तशा संदेशांनी मला मुळीच दुखावले नाही. कारण ते शब्द स्वतःविषयी काही खोटे सांगत नाहीत. ‘मला कळले, मी मान लववली,’ एवढेच ते म्हणतात. लांब, अलंकृत संदेशाचे तसे नसते. ‘मी त्यांना ओळखत होतो, त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आहे,’ असा दावा तो करतो. वाचणारा साहजिकच तो चेहरा शोधू लागतो आणि तो सापडत नाही, तेव्हा पोकळी जाणवते. दोन शब्दांचा संदेश ही निराशा करीत नाही.

अमेरिकेतील एक घटना याच जातीची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारे पत्र पाठवले. पत्राच्या तळाशी, मजकूर चॅटजीपीटीच्या साह्याने तयार केल्याची नोंद होती. विद्यार्थी संतापले आणि कार्यालयाला क्षमा मागावी लागली. एकमेकांना जपा, असे सांगणारे पत्र लिहिण्याचे कामच यंत्रावर सोपवले होते, हे त्यांना बोचले.

आता ज्या संदेशाने मला खरोखर आधार दिला, तो सांगते. शेजारचा एक मुलगा, आता नोकरीनिमित्त दूर गेलेला. त्याने लिहिले: ‘काकू, तुम्ही दाराशी फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. काकांचा पाय अडला, की ते पट्टी बघून पाऊल उचलायचे. एकदा मला म्हणाले, ही माझी रेल्वे. मी अजून कुठे पिवळी पट्टी दिसली, की थांबतो.’ कंपवातात चालता चालता पाय जागीच खिळल्यासारखा होतो आणि जमिनीवरची आडवी रेघ पुढच्या पावलाला वाट दाखवते, म्हणून त्या पट्ट्या होत्या. मुलाने ना शोकाचे शब्द वापरले, ना स्तुतीचे. परंतु ते वाक्य दुसऱ्या कोणाच्याही घरी पाठवता आले नसते. आपल्या माणसाचा एक तुकडा दुसऱ्या कोणापाशी शिल्लक आहे, हे मला त्यातून कळले. शोकात माणसाला हेच हवे असते.

माझ्या नातलगांपाशीही असा तुकडा होता. भेटीत बोलता बोलता ते म्हणाले, ‘काकांनी मी असेपर्यंत चहाला हात लावला नाही. मी उठून चप्पल घालायला लागलो, तेव्हा दोन्ही हातांनी कप उचलला.’ पाहुण्यासमोर चहा सांडू नये म्हणून माझे यजमान तसे करीत. गृहस्थांनी ते पाहिले होते, ध्यानात ठेवले होते. फक्त यंत्राला सांगितले नव्हते आणि म्हणून मलाही कळले नव्हते. हे एकच वाक्य त्यांनी पाठवले असते, तर बाकीच्या चार वाक्यांची गरज नव्हती.

क्षमापत्राची गोष्ट याहून नाजूक आहे. माझ्या परिचयातील एका बाईंनी चार वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईचे सारे केले. भाऊ परगावी असे. आईला मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा बहिणीने त्याला पाच वेळा फोन केला. त्याने तो दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला. आईच्या पश्चात त्याचे पत्र आले: ‘माझ्या वागण्याने तुझ्या भावना नकळत दुखावल्या गेल्या असतील, तर मी मनापासून क्षमा मागतो. आपल्या नात्याचे मोल मला समजले आहे.’ पुढे त्यानेच कबूल केले, की पत्र यंत्राकडून लिहून घेतले होते. बहीण ते वाचून अधिकच दुखावली. तिला एकच पाहायचे होते: ती रात्र त्याला आठवते का? यंत्राला त्या रात्रीची माहिती दिलेलीच नव्हती, म्हणून पत्रात ‘वागणे’ आले आणि फोन आला नाही. ‘असतील तर’ या शब्दांनी तर घडलेली गोष्टच संशयात टाकली. क्षमा मागणाऱ्याने कृत्याचे नाव घेतले नाही, तर क्षमा नेमकी कशाची करायची, हेच समोरच्याला कळत नाही. ‘त्या रात्री तुझे पाच फोन मी घेतले नाहीत. तू एकटीने आईला उचललेस. वर्षश्राद्धाची व्यवस्था मी करतो, तू आता थांब,’ एवढे पुरले असते.

म्हणून मजकूर पाठवण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. नाव झाकून पाहावे. हेच पत्र दुसऱ्या कोणाच्या घरी तसेच चालेल का? चालत असेल, तर त्यात एक दृश्य घालावे: एखादी वस्तू, एखादी वेळ, त्या माणसाच्या तोंडचा एखादा शब्द. गेलेल्या व्यक्तीला आपण कधी पाहिलेच नसेल, तर तेही खरेपणाने लिहावे: ‘मी त्यांना भेटलो नाही, पण त्यांच्या लोणच्याची बरणी तू कचेरीत आणायचास.’ आठवण रचू मात्र नये. घरचा माणूस ती तत्क्षणी ओळखतो.

हात थरथरणाऱ्यांनी किंवा पक्षाघातामुळे शब्द न सापडणाऱ्यांनी साह्य घेण्यात गैर काही नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनी आधी विचारावे, ‘त्यांचे काय आठवते?’ उत्तराला वेळ द्यावा, जे येईल ते त्याच शब्दांत उतरवावे आणि मग हवे तर शुद्धलेखन यंत्राकडून तपासून घ्यावे. यंत्राने वाक्य गुळगुळीत केले, तर मूळचे खडबडीत वाक्यच ठेवावे.

आणि आपण संदेश वाचणारे असाल, तर एक सांभाळावे. पोकळ वाटणारे प्रत्येक पत्र यंत्राचेच असेल असे नाही. माणसेही घाबरून ठरावीक शब्दांच्या आड जातात. नुसते वाचून कोणी खात्रीने सांगू शकत नाही. तेव्हा आरोप करू नये. भेट होईल तेव्हा चहा पुढे ठेवून विचारावे, ‘तुम्ही आला होतात त्या दिवशी काय बोलणे झाले होते तुमचे?’ मला माझ्या नातलगांकडून त्या कपाची हकीकत अशीच मिळाली.