बावटा लागला त्या दिवाळीत

समुद्र बंद झाला तरी आगाऊ घेतलेले पैसे परत द्यायचे नाहीत, हा कुठला न्याय, हे मला अजून समजलेलं नाही.

२०१९ सालची दिवाळी. २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान झालं, निवडणुकीची ड्युटी उरकली आणि आम्ही धानोऱ्याहून निघालो. गडचिरोली, नागपूर, मुंबई आणि तिथून रात्रीच्या कोकणकन्येनं कुडाळ. सोबत हे, दोन्ही मुलं आणि सासूबाई. सासूबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लक्ष्मीपूजन घराबाहेर करायला त्या तयार झाल्या त्या केवळ त्यासाठी.

कुडाळला उतरलो तेव्हा आभाळ फाटलेलं. अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठलं होतं. ते किनाऱ्यावर न येता पुढे पश्चिमेला ओमानच्या दिशेनं वळलं, पण वळता वळता सिंधुदुर्गाला झोडपून गेलं. मालवणच्या बंदरावर धोक्याचा बावटा लागला. किल्ल्याच्या होड्या बंद, तारकर्लीचं स्कूबा बंद, देवबागेत लाटांचं पाणी वस्तीत शिरलेलं.

ज्याच्याकडे आम्ही राहण्याचं आणि होडी-स्कूबाचं एकत्र बुकिंग केलं होतं, त्याच्याकडे हे गेले. त्यातले सहा हजार फक्त पाण्यातल्या खेळांचे होते. तो म्हणाला, "साहेब, आम्ही बंद केलंय का? समुद्र बंद आहे. आमची माणसं, होडी, सगळं तयार आहे." यांनी विचारलं, मग पुढच्या तारखेला घ्याल का? तो म्हणाला, घेऊ की, या महिन्यात कधीही या. धानोऱ्याहून कुडाळला पोचायला दोन रात्री लागतात, हे त्याला सांगून काय उपयोग! मी स्वतः गेले. म्हटलं, होडी निघालीच नाही, डिझेल जळलं नाही, सिलिंडर भरला नाही, मग पैसे कशाचे? त्यानं पावती पुढे केली. तिच्यावर छापलं होतं, 'रक्कम परत मिळणार नाही.' बावटा लागला तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. आणि वर म्हणाला, "ताई, हॉलमध्ये कॅरम आहे, मुलांना खेळू द्या." त्या कॅरमच्या शब्दानं माझं डोकं जास्त फिरलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसानं पाऊस संपेपर्यंत वेळ मारायची, एवढीच पावसाळी सोय!

मी मात्र पाऊस लागला तर कुठे जायचं, याची यादी घरूनच करून आणली होती. आमच्याकडे पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. मग मीटिंग असो की लग्न, दुसरा रस्ता आधी ठरवूनच माणूस घराबाहेर पडतो. तीच सवय. यादीला मी एकच कसोटी लावली होती: लख्ख ऊन पडलेलं असतानाही जिथे जावंसं वाटेल तेच लिहायचं. शिवाय जागा किनाऱ्यावरची नको, कारण वारा सुटला की आधी किनाऱ्याचे रस्ते आणि तिथली वीज जाते. मालवणहून कुडाळ तीसेक किलोमीटर आत. कुडाळला लागूनच पिंगुळी आणि महामार्गानं वीसेक किलोमीटरवर सावंतवाडी. एकच गाडी, एकच रस्ता, कुठे अडकलो तर परत फिरता येईल असा.

पिंगुळीला ठाकर आदिवासी कला आंगण आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं हे संग्रहालय. पुढे २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे तिकीट काढून फिरून यायचं, असं नसतं. आधी फोन करून सांगावं लागतं, कारण खेळ करायला माणसं जमावी लागतात. मी धानोऱ्याहून निघण्याआधीच विचारून ठेवलं होतं आणि पाऊस पाहून सकाळी पुन्हा फोन केला.

चित्रकथीच्या पोथीत एकेका कथेची चित्रं एकावर एक रचलेली असतात. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे एक चित्र पुढे धरलं की त्याच्या मागे पुढचा प्रसंग तयार. गाणारा वीणा आणि टाळाच्या साथीनं कथा सांगतो आणि चित्र उलटतो. कळसूत्री लाकडी बाहुल्या निराळ्या आणि चामड्याच्या बाहुल्या त्याहून निराळ्या. चामडं पातळ करून त्याला भोकं पाडलेली असतात, मागे दिवा ठेवला की पांढऱ्या पडद्यावर मुकुट आणि दागिने उजेडाचे दिसतात. माझा धाकटा पडद्याच्या मागे गेला तो तिथेच बसला. सासूबाई झाडीपट्टीच्या. दंडार आणि रात्रभराची नाटकं पाहत वाढलेल्या. त्या एकदम म्हणाल्या, "हे तर आपल्यासारखंच हाय. गाणारा आधी सांगते, मग सोंग येते." पावसाळी सोय म्हणून तिथे आलोय, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहिली. दशावतारी गंजिफेचे पत्ते गोल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे एकशेवीस पत्ते. मुलांनी मत्स्यापासून सुरुवात करून सगळे अवतार ओळखून काढले. मोठीला एका पत्त्याची किंमत कळल्यावर तिनं तो दोन्ही हातांनी धरला. मग चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी. याबाबतीत एक सांगते: दुपारी जेवणाच्या वेळेला कारागीर उठतात, दुकानांचीही दारं लोटलेली असतात, म्हणून राजवाडा सकाळी करावा. आणि जिथे जायचं तिथे आज उघडं आहे का, हे त्याच दिवशी विचारावं. वीज गेल्यावर आतली खोली काळोखी होते, तेव्हा बाहुल्या, रंगकाम अशा माणसाच्या हातून चालणाऱ्या गोष्टी टिकतात, नुसत्या काचेच्या कपाटांत ठेवलेल्या दिसत नाहीत.

परतताना रस्त्याकडेला कापलेलं भात पाण्यात पडलेलं होतं. काही ठिकाणी लोंब्यांना कोंब फुटलेले. आमच्याकडेही धान हेच सगळं, त्यामुळे पोटात कालवलं. त्या होडीवाल्याचाही हंगाम बुडालाच की, असं मला वाटलं. रात्री तसं यांना बोललेही. पण झोपताना परत राग आलाच. त्याचं नुकसान खरं, पण ते त्यानं माझ्या खिशातून का भरून काढावं? ज्याच्या हातात होडी आहे त्यानं बावट्याची जोखीम घ्यावी, निदान निम्मी तरी. वादळाचा इशारा हवामान खातं मच्छीमारांना आधी देतं, तो त्यालाही कळलेला असतो. तरी बावटा लागला त्या सकाळपर्यंत त्यानं आमच्याकडून उरलेली रक्कम मागून घेतली होती.

आणि खरं सांगायचं तर, पिंगुळीला मी उन्हातही गेले असते, हे मी वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. त्या दिवशी ऊन असतं तर मुलांनी मला पाण्यावरच ओढलं असतं आणि मी गेले असते. सासूबाईंनी समुद्र लांबूनच पाहिला, गढूळ आणि खवळलेला. बाहुल्यांचं कौतुक त्या अजून करतात, पण शेजारणीला सांगताना "समुद्रात पाय नाही ठेवला" हेही सांगतातच. एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही.

म्हणून आता राहण्याचे पैसे वेगळे आणि पाण्याचे वेगळे, असंच बुकिंग करते. पाण्याचे पैसे होडीत चढताना. आधी द्यावेच लागले तर पावतीवर 'बावटा लागल्यास रक्कम परत' हे हातानं लिहून सही घेते. लिहून देत नसेल तर दुसरी होडी शोधते.