जिन्यातला वास आणि एक अर्ज

पत्रवाङ्मय म्हटले की आपल्यासमोर थोरामोठ्यांचे पत्रसंग्रह येतात. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला लिहिलेल्या अर्जाकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही अशा एका पानाच्या अर्जासाठी आम्हांला शब्दांची जेवढी चिंता वाहावी लागली तेवढी कोणत्याही समीक्षालेखात वाहावी लागली नव्हती. त्या पानावर एका कुटुंबाचे बिऱ्हाड अवलंबून होते.

पुण्यातील आमची इमारत पाच मजल्यांची आहे. मजल्यावर तीन सदनिका, मध्ये जिना, जिन्याच्या माथ्याशी गच्चीच्या दारालगत झरोके. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जिन्यात वास येऊ लागला. पहिल्या मजल्यावर मालवणकडचे एक कुटुंब भाड्याने राहते. कमिटीच्या बैठकीत कोणीतरी सुक्या बोंबलांचे नाव घेतले आणि मग बाकीच्यांना शोधाची गरज उरली नाही. ‘वास खालून वर येतो’ हे एक सभासद असे म्हणाले, की जणू प्रमेय सिद्ध झाले. भाडेकरूंना घर सोडण्यास सांगावे असे पत्र सदनिकेच्या मालकांना पाठवायचे, हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यसूचीवर चढला. आमच्या हाती पंधरा दिवस होते.

वासाच्या बाबतीत आपली भाषा आळशी आहे, असे आमचे जुने मत आहे. दर्प, दुर्गंध, घाण, कुबट, उग्र या शब्दांतून नाक मुरडलेले दिसते; वास कशाचा हे कळत नाही. बैठकीत सगळे ‘घाण वास’ म्हणत होते, आणि ज्याच्या मनात जे आधीपासून होते ते त्या विशेषणात मावत होते. म्हणून आम्ही विशेषणे बाजूला ठेवली आणि उपमान शोधले. वास सडलेल्या अंड्यासारखा होता. मासळी, ओली असो की सुकी, तशी येत नाही. सडलेल्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. मैल्यात हवेवाचून वाढणारे जंतू तो तयार करतात आणि नाकाला तो अगदी अल्प प्रमाणातही कळतो. मात्र नाक त्याला लवकर सरावते. त्यामुळे जिन्यात राहणाऱ्यांपेक्षा सकाळी बाहेरून येणाऱ्या दूधवाल्याची साक्ष आम्हांला अधिक मोलाची वाटली. तो म्हणाला, ‘पहिल्या मजल्यावर काही नाही, साहेब. दुसऱ्यावर वळलं की येतो.’

दुसऱ्या मजल्यावर एक सदनिका जानेवारीच्या अखेरीपासून बंद होती. तिचे वयस्क मालक मुलीकडे बंगळुरूला गेले होते.

येथे थोडे विषयांतर करून न्हाणीघराच्या फरशीत वाकून पाहणे भाग आहे. जाळी उचलली की खाली वाटीसारखे भांडे दिसते. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यातून बाहेर जाणारी वाट तळापासून नसून वरच्या बाजूने असते, त्यामुळे सांडलेले पाणी गेले तरी थोडे पाणी भांड्यात कायम उभे राहते. एका बाजूला आपले घर, दुसऱ्या बाजूला मैलापाण्याचा उभा नळ, आणि दोहोंच्या मध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी. याखेरीज तेथे झडप नाही, झाकण नाही. नळी वाकवून तिच्यात असे पाणी अडवून ठेवण्याच्या युक्तीवर १७७५ मध्ये लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट घेतले. अडीचशे वर्षांनी आपण अजून त्याच युक्तीवर विसंबून आहोत. रोज वापरात असलेला ट्रॅप आपोआप भरत राहतो. न वापरलेला ट्रॅप वाळतो.

किती दिवसांत वाळतो, हे आम्ही पाहिले. आमच्या दुसऱ्या न्हाणीघराला आठ दिवस सुटी दिली आणि रोज लाकडी पट्टी बुडवून पाण्याची उंची मोजली. आठ दिवसांत पाणी जवळजवळ ७ मिलिमीटरने उतरले. म्हणजे पुण्याच्या कोरड्या एप्रिलात पन्नास मिलिमीटर संपायला साधारण दोन महिने. फेब्रुवारीतला गारवा जमेस धरला तर अडीच. जानेवारीची अखेर आणि एप्रिलचा मध्य यांतले अंतर तेवढेच भरते. हे मोजमाप घरगुती आहे. जाळीखालचा वारा आणि भांड्याचे तोंड यांनुसार आकडा बदलेल. परंतु शंकेला आधार म्हणून ते पुरेसे होते.

वास सकाळी सहा ते आठ या वेळात सर्वाधिक, हेही आता जुळू लागले. त्या वेळी सगळ्या घरांतून पाणी नळात कोसळते आणि आपल्यापुढची हवा ढकलत जाते. भरलेला ट्रॅप तो रेटा सोसतो, कोरडा त्याला वाट देतो. शिवाय रात्रभर बाहेरची हवा थंडावलेली आणि जिन्यातली उबदार असते. उबदार हवा झरोक्यांतून वर निघून जाते आणि जिना चिमणीसारखा खालच्या फटींतून हवा ओढू लागतो. बंद सदनिकेच्या खिडक्या घट्ट लावलेल्या असल्या तर हवा येणार कोठून? कोरड्या ट्रॅपमधून. पहाटे आम्ही पेटती उदबत्ती घेऊन मजलोमजली दारांच्या फटींपाशी उभे राहिलो. (शेजारच्या आजींनी यावरून आमच्याविषयी बरा समज करून घेतला.) इतर दारांपाशी धूर सरळ वर जात होता, त्या एका दाराच्या खालच्या फटीपाशी तो जिन्याच्या बाजूला वाकत होता. हा प्रयोग जिन्यापुरताच करावा. चेंबरच्या किंवा नळाच्या तोंडाशी विस्तव नेऊ नये, तेथे मिथेनही असू शकतो.

एवढी सामग्री जमल्यावर प्रश्न उरला तो लिहिण्याचा. पहिल्या मसुद्यात आम्ही त्या कुटुंबाची बाजू आवेशाने मांडली होती. तो फाडला. बचाव लेखी झाला की आरोपही दप्तरी कायम होतो, आणि पाच वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला बोंबील तेवढेच आठवतात. म्हणून अर्जात ना मासळी आली, ना कोणाचे आडनाव. बंद सदनिकेच्या मालकांवरही ठपका येता कामा नये होता. घर बंद ठेवणे हा अपराध नव्हे. अखेर गेला तो अर्ज असा :

‘प्रति, मा. सचिव.

विषय : जिन्यातील सांडपाण्याचा वास, बंद सदनिकेतील ट्रॅप कोरडे पडल्याची शंका.

महोदय,

दि. ११ एप्रिलपासून जिन्यात सडलेल्या अंड्यासारखा वास येत आहे. तो दुसऱ्या मजल्यापासून वर जाणवतो. तळमजल्यावर व पहिल्या मजल्यावर जाणवत नाही. सकाळी ६ ते ८ या वेळात तो सर्वाधिक असतो. दि. १८ ते २२ एप्रिल या काळात पहिल्या मजल्यावरील दोन सदनिकांना कुलूप होते, तेव्हाही वासात फरक पडला नाही.

आवारातील चेंबर तुंबलेले नाहीत. जिन्याच्या भिंतींना ओल नाही. वरच्या मजल्यांवर पाणी सोडल्यावर आमच्या ट्रॅपमधून गुडगुड ऐकू येत नाही. त्यामुळे हवेचा नळ बंद झाल्याची शक्यता कमी दिसते. दुसऱ्या मजल्यावरील एक सदनिका तीन महिने बंद असून तेथील ट्रॅपमधील पाणी सुकले असावे, अशी आमची शंका आहे. ही शंका आहे, निष्कर्ष नव्हे.

विनंती अशी की, मालकांशी दूरध्वनीवर बोलून त्यांच्या संमतीने व त्यांच्या प्रतिनिधीसमक्ष सदनिका उघडावी. दोन्ही न्हाणीघरे, ड्राय बाल्कनी व स्वयंपाकघराची मोरी येथे अर्धी अर्धी बादली पाणी ओतावे आणि कमोड एकदा फ्लश करावा. खर्च शून्य आहे. तीन दिवसांत वास गेला नाही तर आमची शंका चुकीची समजावी व प्लंबरकडून नळात धूर सोडून फुटीची तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत या विषयाशी संबंधित अन्य कोणताही निर्णय घेऊ नये.

आपले विश्वासू’

शेवटच्या वाक्यातील ‘अन्य कोणताही’ या दोन शब्दांसाठी बाकीचे पान लिहिले होते. ज्याला कळायचे त्याला ते कळले.

एक गोष्ट आम्ही जाणूनबुजून गाळली. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचे तीनशेवर रुग्ण आढळले. तेथील चौकशीत न्हाणीघरांतील कोरड्या पडलेल्या फरशी-ट्रॅपकडे बोट दाखवले गेले : पाणी नसल्याने मैल्याच्या नळातील दूषित तुषार पंख्याच्या ओढीने घरांत शिरले असावेत, असा तो निष्कर्ष होता. नंतर तेथील रहिवाशांना ट्रॅपमध्ये नियमित पाणी ओतण्याचा सल्ला देण्यात आला. उदाहरण प्रभावी आहे, पण आमच्या जिन्यात सार्स नव्हता. भीती दाखवून मिळवलेली संमती पुढच्या बैठकीत उलटते, आणि आजाराची भीती कोणत्या दारावर जाऊन आदळली असती हे आम्हांला दिसत होते.

रविवारी मालकांचे भाचे किल्ली घेऊन आले. सचिव, एक सभासद आणि आम्ही आत गेलो. दार उघडताच तिघांनीही नाकाला रुमाल लावला. दोन्ही न्हाणीघरांतील नहाणी ट्रॅपमध्ये पट्टी तळापर्यंत गेली आणि कोरडी बाहेर आली. ड्राय बाल्कनीतला ट्रॅपही तसाच. कमोडमध्ये मात्र थोडे पाणी शिल्लक होते. खिडक्या उघडून बादल्या ओतल्या. पाण्यावर तेलाचा पातळ थर दिला तर बाष्पीभवन मंदावते, म्हणून सचिवांनी खोबरेल सुचवले. ते थंडीत गोठते. गोडेतेल खवट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन बरे पडते. ते प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन दोन चमचे घातले. न्हाणीघराच्या एका जाळीला फडक्याची दशी अडकली होती तीही काढली, कारण काठावरून लोंबणारा धागा वातीसारखे पाणी शोषून पलीकडे टाकत राहतो.

सोमवारी सकाळी वास कमी झाला होता, बुधवारी नव्हता. पुढच्या बैठकीत भाडेकरूंचा विषय ‘वेळेअभावी’ पुढे ढकलला गेला आणि नंतर कार्यसूचीवर आला नाही. इतिवृत्तात दोनच ओळी आहेत : जिन्यातील वासाबाबत अर्ज प्राप्त, कार्यवाही पूर्ण. आता बंद सदनिकांची यादी वॉचमनच्या केबिनमध्ये टांगलेली असते आणि ज्यांनी किल्ली ठेवली आहे त्यांच्या घरी महिन्यातून एकदा पाणी ओतले जाते. किल्ली न ठेवणारे अजून चार जण आहेत. पहिल्या मजल्यावरचे कुटुंब तेथेच आहे. मधल्या पंधरा दिवसांत त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी कायम लावून घेतली होती. ती जूनपर्यंत तशीच बंद होती.