ग प रे ग

गुडगावच्या एका संस्थेनं कार्यक्रमाआधी वाजवायला एक मिनिटाची धून मागितली होती. मी ती दिली, आणि सभागृहात जे वाजलं ते ऐकून मी अजूनही शांत झालेले नाही. त्यांनी मधला सगळा भाग कापला होता. पहिले चार सूर, ग प रे ग, तेच पुनःपुन्हा चिकटवून खाली ढोलकीचा ठेका टाकला होता. कारण काय, तर "मधलं जरा रियाजासारखं वाटतं."

त्या चार सुरांची घडण अशी आहे की ते ग वर सुरू होतात आणि ग वरच परत येतात. भूपाच्या पायऱ्यांवर एक वर, दोन खाली, पुन्हा एक वर. असा स्वतःतच मिटणारा तुकडा नुसता पुनःपुन्हा वाजवला तर धून जागची हलत नाही. म्हणूनच तर पुढचं सगळं केलं होतं.

पहिलं काम तो उलटा करण्याचं. संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये 'उलटा करा' अशी सोय असते. मी ती वापरली, तर ग, कोमल रे, तीव्र म, ग असं काहीतरी बाहेर आलं. प्रोग्रॅम अर्धसुरांनी मोजतो. ग पासून प तीन अर्धसुरांनी वर, म्हणून तो तीन अर्धसुरांनी खाली उतरला आणि कोमल रे वर पोचला. भूपाच्या अंगणात एकदम मारव्याची सावली पडली. मग अर्धसूर सोडून रागाच्या पायऱ्या मोजल्या. एक खाली, दोन वर, एक खाली: ग रे प ग. आता प्रश्नाला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं, आणि रागही जागेवर राहिला.

दुसरं काम तोच तुकडा एकेक पायरी सरकवण्याचं. अलंकार घोटलेल्या कुणालाही हे येतं, आणि धोकाही तिथेच असतो. ग प रे ग, प ध ग प, इथपर्यंत कान आनंदानं मागे येतो. तिसरी पायरी म्हणजे ध सां प ध. ही मी तशीच वाजवून मयूर विहारच्या एका काकांना ऐकवली. त्यांनी रेडिओच्या वाद्यवृंदात कितीतरी वर्षं व्हायोलिन वाजवलंय. दिल्लीच्या आकाशवाणीवरचा हा वाद्यवृंद 1952 मध्ये रविशंकरांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला होता. राग सांभाळून अनेक वाद्यांसाठी लिहायचं कसं, ही त्या मंडळींची रोजचीच डोकेदुखी. काका डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या पायरीवर त्यांनी हात वर केला.

"अगं, धैवतावर थांबलीस? देसकार झाला की!"

खरं होतं. भूप आणि देसकार यांचे सूर तेच, पण भूपाचा जीव गंधारात आणि देसकाराचा धैवतात. प्रोग्रॅमच्या उलटण्यात निदान परके सूर तरी कानाला टोचले. इथे एकही सूर चुकला नव्हता, चुकलं होतं ते फक्त थांबणं. म्हणून तिसरी पायरी अर्ध्यावर मोडली: ध सां ध प ग. वर जाता जाता वळून गंधारावर घरी. रियाजाचा वासही तिथेच उडाला, कारण कानाला पुढचं ठाऊक आहे असं वाटत असतानाच ते बदललं.

लय शेवटी बदलली. आधी चारही सूर एकेक मात्रेचे होते. आता पहिला ग दीड मात्रा, प अर्धी, रे आणि ग एकेक. मात्रा चारच राहतात, पण चाल लंगडत-डौलात येते. समारोपाला मूळ तुकडा सलग तीनदा, सोळा मात्रांच्या आवर्तनात सहाव्या मात्रेपासून. बारा सूर झाले की शेवटचा ग बरोबर समेवर पडतो. पाचव्या मात्रेपासून उचलला तर तो सोळाव्यावरच संपतो आणि सम रिकामी जाते.

हे सगळं कापलं गेलं. धून लिहून घेणाऱ्यांना मी आता सांगते, कोणता भाग काढता येईल आणि कोणता नाही, हे आधीच कागदावर ठरवून घ्या. तरी एक कबूल करायला हवं. त्या दिवशी सभागृहाबाहेर एक छोटी मुलगी नुसतं ग प रे ग गुणगुणत चालली होती, आणि ते ऐकून मला आनंदच झाला. राग काही गेला नाही, पण झाला.

प्रोग्रॅमनं काढलेला तो कोमल रे आणि तीव्र म असलेला उलटा तुकडा मी टाकलेला नाही. त्यावर संध्याकाळची वेगळी धून करतेय. त्यासाठी तानपुऱ्याची पंचमाची तार चढवून निषादावर लावावी लागली, कारण मारव्यात पंचमच नाही. दोन्ही धुना एकामागोमाग वाजवायच्या असतील, तर मध्ये ती तार नव्याने जुळवायला वेळ ठेवावा लागेल.