अडीचशे शब्दांत ‘ख्रिस्तपुराण’

एका चर्चासत्रासाठी आम्ही दोघांनी मिळून लिहिलेला निबंधसार ४६८ शब्दांचा झाला होता, आणि आयोजकांची मर्यादा होती २५० शब्दांची. विषय होता फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. निबंधसार लहान करणे ही केवळ कारकुनी बाब आहे, असा समज आपल्याकडे प्राध्यापकवर्गातही आहे. प्रत्यक्षात त्या २१८ शब्दांबरोबर काय जाते आणि काय जाता कामा नये, हे ठरवताना आम्हाला आमचाच निबंध नव्याने वाचावा लागला.

विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही त्याची मुद्रणे झाली; परंतु या तिन्ही मुद्रणांची प्रत आज अभ्यासकांच्या हाती नाही. आपल्या हाती आहे तो जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून हस्तलिखितांच्या आधारे प्रसिद्ध केलेला रोमन पाठ. दुसरीकडे लंडनच्या संग्रहातील, ‘मार्सडेन प्रत’ म्हणून ओळखले जाणारे देवनागरी हस्तलिखित आहे. सालढाणांच्या पाठात धर्मविधी आणि चर्चव्यवहार यांसाठी जे पोर्तुगीज-लॅटिन शब्द येतात, त्यांच्या जागी या प्रतीत पुष्कळदा संस्कृत शब्द दिसतात. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२३ मध्ये या देवनागरी पाठालाच मूळ पाठ मानले. आमचा निबंध याच निष्कर्षाविषयी प्रश्न विचारणारा होता.

काटछाटीस हात घालण्यापूर्वी आम्ही एक साधी गोष्ट केली. प्रत्येक वाक्य कोणते काम करते ते समासात लिहिले आणि शब्द मोजले. प्रास्ताविक १५०, विषयाचे महत्त्व ६०, पूर्वसूरींचा आढावा ७०, पद्धती ९५, निष्कर्ष ४५, मर्यादा २८ आणि ‘पुढील संशोधनास दिशा मिळेल’ छापाचा समारोप २०. हा हिशेब पाहिल्यावर प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द खुडण्याचा विचार आपोआप मागे पडला. तसे केले असते तर सगळे भाग सारख्याच प्रमाणात आखडले असते, आणि निष्कर्षाच्या वाट्याला जेमतेम २४ शब्द उरले असते. महत्त्व आणि समारोप हे ८० शब्द आम्ही पूर्णपणे काढले. महत्त्व सांगून पटत नसते. प्रश्न नीट मांडला की ते कळते.

जिवावर आले ते प्रास्ताविक. भाईंदरच्या पश्चिमेकडील उत्तन-डोंगरी परिसरातून आमच्या वर्गात मुले येतात. क्रूस, बाप्तिस्मा हे शब्द त्यांच्या घरात रुळलेले असतात. मग ‘उसना शब्द’ म्हणजे नेमका कोणासाठी उसना, या प्रश्नातूनच आमचा निबंध जन्माला आला होता, आणि तो परिच्छेद आम्हाला अतिशय प्रिय होता. पण प्रश्न कोठून सुचला हे सांगणे वेगळे, आणि उत्तर कसे मिळाले हे सांगणे वेगळे. निबंधसाराला दुसऱ्याची गरज असते. तो परिच्छेद निबंधात ठेवला आणि निबंधसारात प्रास्ताविक ३६ शब्दांवर आणले. पूर्वसूरींपैकी ज्यांच्या मताशी आमचा वाद होता तेवढे अ‍ॅबट ठेवले. प्रश्नासह तो भाग ४६ शब्दांत बसला.

पद्धतीचा भाग मात्र वेगळ्या रीतीने कमी करावा लागतो. आमचे मूळ वाक्य असे होते: ‘प्रस्तुत शोधनिबंधात दुसऱ्या पुराणातील काही निवडक अवस्वरांचा तौलनिक पद्धतीने अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.’ हे १५ शब्द. अवस्वर म्हणजे अध्याय. यात किती अवस्वर, कोणते पाठ, तुलना कशी, यांतले काहीच नाही. त्याऐवजी लिहिले: ‘दुसऱ्या पुराणातील तीन अवस्वर दोन्ही प्रतींत ओवीला ओवी लावून वाचले.’ हे १० शब्द आहेत आणि त्यांत माहिती अधिक आहे. ‘तौलनिक’ हे विशेषण पद्धतीचे नाव सांगते. ‘ओवीला ओवी लावून’ ही कृती सांगते. कृती सांगितली की ‘प्रयत्न करण्यात आला आहे’ या लांबलचक शेपटाची गरज उरत नाही. असा शेपटा शोधला की मराठी निबंधसारात वीसपंचवीस शब्द सहज सापडतात. वाचलेल्या जागेत एक गोष्ट आम्ही मुद्दाम राखली: हे तीन अवस्वर धर्मविधींचे वर्णन दाट असल्यामुळे निवडले होते. हा उल्लेख गेला असता, तर तिथला आढळ संपूर्ण पुराणाला लागू आहे असे वाचकाने गृहीत धरले असते. पद्धती ८४ शब्दांवर थांबली.

शब्दसंख्या कमी दिसावी म्हणून समास करण्याचा मोहही मराठीत मोठा आहे. ‘मार्सडेन प्रतीतील धर्मविषयक शब्दांची निवड’ याचे ‘मार्सडेनप्रतगतधर्मशब्दनिवड’ केले की पाचाचा एक शब्द होतो. संगणक फसतो, वाचक अडखळतो. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

खरी जोखीम निष्कर्षात होती. थोडक्यात सांगायचे तर असे लिहिता आले असते: ‘मार्सडेन प्रतीत उसने शब्द काढून संस्कृत शब्द घातले आहेत.’ वाक्य सुटसुटीत आहे. पण ‘काढून’ आणि ‘घातले’ या दोन क्रियापदांनी निवाडाच देऊन टाकला. शब्द काढले म्हणजे ते आधी होते, अर्थात रोमन पाठ आधीचा ठरला. उलट ‘मूळचे संस्कृत शब्द जाऊन पोर्तुगीज शब्द आले’ म्हटले की अ‍ॅबट बरोबर ठरतात. आमचे म्हणणे तर हे होते की, केवळ शब्दभेदावरून दोन्ही दिशा सारख्याच संभवतात. चर्चच्या परिभाषेसाठी छापताना शब्द बदलले असतील, किंवा पुढच्या एखाद्या लेखकूने ते संस्कृत केले असतील. म्हणून अंतिम वाक्य असे झाले: ‘सालढाणांच्या पाठात जिथे उसना शब्द आहे तिथे मार्सडेन प्रतीत बहुधा संस्कृत शब्द आहे, मात्र केवळ यावरून कोणता पाठ आधीचा, हे ठरत नाही.’ शब्द वाढले. निष्कर्ष ४५ वरून ५३ वर गेला, आणि मर्यादेला ३० शब्द दिले. एकूण २४९.

चर्चासत्रात अनेकदा निबंध छापला जात नाही, निबंधसार तेवढा स्मरणिकेत राहतो आणि पुढे तोच उद्धृत होतो. धर्म आणि भाषा यांच्या विषयात एका क्रियापदाने दिलेला निवाडा कोणाच्या हाती कशासाठी पडेल, हे सांगता येत नाही.

पाठवण्यापूर्वी तो मजकूर आम्ही अर्थशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना वाचायला दिला आणि कागद परत घेऊन दोनच प्रश्न विचारले: काय आढळले, आणि ते कसे कळले? पद्धती त्यांनी बिनचूक सांगितली. निष्कर्षाबद्दल ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही कोण आधीचे ते सांगितलेच नाहीत.”

“नाही सांगितले,” आम्ही म्हणालो, आणि निबंधसार तसाच पाठवला.