सहलीचा हिशेब आणि मैत्री

मैत्रीत पैशाचा विषय काढणे अप्रशस्त, असा एक संकेत आपल्या मनात खोल रुजलेला असतो. व्यापारी घरांत रोजमेळ आणि खतावणी यांवर वाढलेल्या आम्हा बायकांनाही मैत्रिणीकडे साडेपाच हजार रुपये मागताना शब्द फुटत नाहीत. या संकोचाचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या व्यक्तीने आधी पैसे भरलेले असतात, तिच्यावरच तो एकटीवर पडतो.

सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात एकत्र शिकलेल्या आम्ही सहा मैत्रिणी. आज तिघी साताऱ्यात, तिघी सांगलीत. काही वर्षांपूर्वी इतर पाचजणी सहलीला गेल्या, तेव्हा घरच्या अडचणीमुळे मी जाऊ शकले नव्हते. आमच्यातील एक निवृत्त शिक्षिका साताऱ्यात एकटी राहते आणि निवृत्तिवेतनावर तिचा संसार चालतो. मुक्कामाचे सारे पैसे त्या वेळी तिने भरले होते. परतल्यावर ‘हिशेब सावकाश बघू, जमेल तसे द्या’ एवढाच निरोप फिरला. कोणाच्याही मनात खोट नव्हती; पण किती, कधी आणि कोणाला द्यायचे, हे कोणीच लिहिले नव्हते. दोघींनी अंदाजाने काही रक्कम दिली, दोघी विसरल्या. पुढल्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा शिक्षिकेने गुडघेदुखीचे कारण सांगून नकार दिला. खरे कारण गुडघे नव्हते, हे मला तिच्या शेजारणीकडून कळले.

म्हणून श्रवणबेळगोळची यात्रा ठरली, तेव्हा हिशेब मी माझ्याकडे घेतला आणि निघण्यापूर्वीच तीन गोष्टी सर्वांकडून ठरवून घेतल्या. गाडी साताऱ्याहून निघणार होती. आम्ही सांगलीकर आष्टा, इस्लामपूरमार्गे येऊन पेठ नाक्यावर तीत बसणार होतो. साताऱ्याच्या मैत्रिणींचा प्रवास अधिक, मग भाडेही अधिक का, असा प्रश्न निघाला. परंतु आम्हाला नाक्यापर्यंत पदरमोड करून यायचे होते, म्हणून भाडे सहा समान भागांत वाटायचे ठरले. दुसरे, आमच्यातील दोघी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. रात्रीच्या भोजनाचे बिल वेगळे ठेवून ते फक्त जेवणाऱ्या चौघींत वाटायचे. तिसरे, विंध्यगिरी चढताना कोणी डोली केली, तर तो खर्च तिचा स्वतःचा. हे नियम आधी ठरले, तर त्यांना तत्त्वाचे रूप असते. बिल हाती आल्यावर ठरवू गेले, की तेच नियम कोणावर तरी रोख धरल्यासारखे वाटतात.

गोमटेश्वराच्या पायाशी जो जुना मराठी शिलालेख आहे, तोही एका अर्थाने अशीच नोंद आहे. मूर्ती चामुंडरायाने करविली आणि भोवतालचे आवार गंगराजाने, असे त्यात दोघांचे काम वेगवेगळे सांगितले आहे. कोणी काय केले हे थोडक्यात आणि स्वच्छ लिहिण्यात कमीपणा नाही, हे तेथे उभे राहून मनोमन पटले.

यात्रेचा एकूण सामाईक खर्च 33,000 रुपये झाला. गाडीचे 21,000 मी दिले. मुक्कामाचे 6,000 शिक्षिकेने भरले. दिवसाचे भोजन व फराळ यांचे 4,800 आणि रात्रीच्या भोजनाचे 1,200 साताऱ्याच्या डॉक्टर मैत्रिणीने दिले. गाडी, मुक्काम आणि दिवसाचे भोजन मिळून प्रत्येकीचा वाटा 5,300. रात्री जेवणाऱ्या चौघींना आणखी 300, म्हणजे 5,600. शिक्षिका आणि सांगलीची एक मैत्रीण रात्री जेवत नसल्याने त्यांचा वाटा 5,300 च राहिला. चार वेळा 5,600 आणि दोन वेळा 5,300 यांची बेरीज बरोबर 33,000 येते. ही उलट पडताळणी केल्याशिवाय निरोप पाठवू नये. बेरीज जुळली नाही, तर एखादे बिल सुटलेले किंवा दोनदा धरलेले असते.

यानंतर प्रत्येकीने भरलेल्या रकमेतून तिचा वाटा वजा केला. मला 15,400, शिक्षिकेला 700 आणि डॉक्टर मैत्रिणीला 400 येणे निघाले. उरलेल्या तिघींकडून मिळून 16,500 येणे होते. दोन्ही बाजू जुळल्या. प्रत्येक खर्चाचे पैसे ज्याचे त्याला द्यायचे म्हटले, तर दहा-पंधरा व्यवहार झाले असते. निव्वळ येणे-देणे काढले, की सहाजणींत पाचांहून अधिक व्यवहार लागत नाहीत. साताऱ्याची रक्कम शक्यतो साताऱ्यातच फिटेल, अशीही मांडणी केली.

परतल्यावर दोनच दिवसांनी, बिलांची छायाचित्रे जोडून, मी गटावर हा निरोप पाठवला. येथे नावांऐवजी ओळख दिली आहे.

‘यात्रेचा सामाईक खर्च 33,000 रु. वाटा : रात्री जेवणाऱ्यांचा 5,600, न जेवणाऱ्यांचा 5,300. देणे असे : साताऱ्याच्या ग्रंथपालबाईंनी शिक्षिकेला 700, डॉक्टरांना 400 आणि मला 4,500 द्यावेत. सांगलीच्या दुकानवालीने मला 5,600 आणि रात्री न जेवणाऱ्या मैत्रिणीने मला 5,300 द्यावेत. मुदत : रविवार, 7 डिसेंबर, रात्री 8 पर्यंत. पैसे यूपीआयने, आपल्याकडे असलेल्या मोबाइल क्रमांकावर. पडद्यावर घेणारीचे नाव बघूनच पिन टाकावा आणि टिपणीत “यात्रा” लिहावे. रोख द्यायचे असल्यास समक्ष द्यावेत. हिशेबात चूक वाटल्यास गुरुवारपर्यंत सांगावे.’

मुदत 7 तारखेची ठेवली, कारण दोघींच्या घरी पगार पहिल्या तारखेस येतो. महिनाअखेरीची मुदत त्यांना अवघड झाली असती. हरकत घेण्याचा दिवस मुदतीच्या आधीचा ठेवला, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर वाद उरत नाही. मंगळवारी एकीने विचारले, की चालकाच्या जेवणाचे काय? ते गाडीच्या 21,000 मध्येच होते. तसे गटावरच लिहिले, म्हणजे पुन्हा कोणी विचारावयास नको.

एक अडचण आलीच. दुकानवालीच्या खात्यातून पैसे गेले, पण माझ्याकडे आले नाहीत. व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत होता. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे पाठवू नयेत, नाहीतर रक्कम दोनदा जाते. मी तिच्याकडून व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक मागून घेतला. दुसऱ्या दिवशी रक्कम माझ्या खात्यात जमा झाली. शनिवारपर्यंत एकीचेच देणे राहिले होते. तिला मी गटावर नव्हे, एकटीला लिहिले : ‘उद्या रात्री 8 ची मुदत आहे, रोख सोयीचे असेल, तर सकाळी घरी येते.’ चारचौघांत केलेली आठवण मागणीसारखी बोचते, एकांतातली तशी बोचत नाही. तिने रोखच दिले.

रविवारी रात्री गटावर शेवटचे वाक्य लिहिले : ‘सर्व रकमा पोचल्या, हिशेब पूर्ण.’ हे वाक्य पुष्कळजण गाळतात आणि मग कोणाचे राहिले, ही शंका मनात रेंगाळते. त्याखाली पहिले उत्तर शिक्षिकेचे आले. पुढच्या वर्षी कुंथलगिरीला जायचे का, असे तिने विचारले होते.